शब्दचर्चा: ‘स्वामित्वहक्क’ म्हणजे नेमका कोणता हक्क?

अनुजा: अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॉपीराइट, पेटंट आणि ट्रेडमार्क यांची तोंडओळख करून द्यायची आहे. आपल्याकडे तिन्हींना सर्रास ‘स्वामित्वहक्क’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. एका गटाने गाळ अडकला की आपोआप साफ होणारी झडप बनवली. अहवालाच्या पहिल्या पानावर वर्तुळातला सी छापला आणि मला म्हणाले, “आता झडपेचे स्वामित्वहक्क आमचे.” यांना कोणते शब्द द्यावेत?

विनायक: शब्द तयार आहेत. कॉपीराइटला प्रताधिकार, पेटंटला एकस्व, ट्रेडमार्कला व्यापारचिन्ह. मुलांचं चुकलं ते एवढंच की नुसतं चिन्ह छापलं. प्रताधिकाराची रीतसर नोंदणी केली असती तर झडप त्यांचीच झाली असती.

शरद: शब्द बरोबर, पण नोंदणीचं तसं नाही. लिहून झालं की प्रताधिकार आपोआप मिळतो. बर्न करारातल्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. आणि नोंदणी केली तरी झडप त्यात येत नाही. ‘प्रत’ या शब्दाकडेच बघा ना. अहवालातला मजकूर, आकृत्या, झडप चालवणारा प्रोग्राम यांची प्रत कुणी काढू नये, एवढाच तो अधिकार. अहवाल वाचून कुणी तशीच झडप घडवली तर त्याने अहवालाची प्रत काढली नाही, झडप बनवली.

अमेरिकेत १८७९ साली यावरच निकाल झाला. सेल्डन नावाच्या माणसाने हिशेब ठेवण्याची नवी पद्धत पुस्तकात मांडली होती. बेकरने त्याच पद्धतीच्या, पण रकाने वेगळे मांडलेल्या वह्या विकल्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पुस्तक सेल्डनचं, पद्धत नव्हे. पद्धतीवर हक्क हवा तर पेटंटची वाट धरावी लागते.

रेश्मा: माझा भाऊ दगडखाणीचे हिशेब बघतो. तिथे ‘स्वामित्वधन’ भरतात. मग पेटंट घेतलं की सरकारला ते भरायचं का?

शरद: नाही ताई, ते वेगळं. स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी. खाणीत ती सरकारला जाते. पेटंटमध्ये दुसरा कुणी तुमचा शोध परवान्याने वापरत असेल तर तो ती तुम्हाला देतो. अर्जाची फी निराळी. पण तुमच्या प्रश्नावरून दिसतं की ‘स्वामित्व’ या शब्दावर आधीच बरंच ओझं आहे. म्हणून या तिघांसाठी तो मी वापरणार नाही.

विनायक: म्हणूनच ‘एकस्व’ म्हणतोय. एकट्याचा हक्क, सुटसुटीत.

शरद: त्याबद्दल माझी एक शंका आहे. समजा झडपेतली स्प्रिंग दुसऱ्याच्या पेटंटची आहे. मुलांना साफ होण्याच्या युक्तीवर पेटंट मिळेल, पण स्प्रिंगवाल्याच्या परवानगीशिवाय झडप बनवता येणार नाही. पेटंट म्हणजे इतरांना मना करण्याचा हक्क. स्वतः बनवण्याची मुभा त्यात नाही. ‘एकस्व’ ऐकलं की वस्तूच आपली झाली असं वाटतं. शिवाय मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उघडं’. मोहोर न फोडता वाचता येणारं राजाचं खुलं पत्र, त्यावरून पेटंट. युक्ती सगळ्यांसमोर उघड करायची आणि त्या बदल्यात अर्जापासून साधारण २० वर्षं इतरांना अडवायचं, असा तो सौदा आहे. हा अर्थ एकस्वात कुठेच नाही.

विनायक: तो ‘पेटंट’मध्ये तरी मराठी माणसाला कुठे दिसतो? वापरत गेलं की शब्द रुळतो.

अनुजा: आणि झडपेच्या नावाचं काय? मुलांनी ‘निर्मळा’ ठेवलंय.

शरद: ते व्यापारचिन्हात. माल कुणाचा हे ओळखू यावं, एवढ्यासाठी. नूतनीकरण करत राहिलं तर कितीही वर्षं टिकतं, पण नाव वस्तूचंच होऊन बसलं की जातं. ‘एस्कलेटर’ हे ओटिस कंपनीचं चिन्ह होतं. तिने स्वतःच जाहिरातींत तो शब्द लिफ्टसारखा सामान्य नाम म्हणून वापरला आणि १९५० साली अमेरिकेत चिन्ह गमावलं. मुलांनी ‘निर्मळा झडप’ म्हणावं, ‘एक निर्मळा द्या’ नको.

एक विचारतो, झडप कुणाला दाखवलीय का? पेटंटला शोध नवा लागतो आणि स्वतः केलेलं प्रदर्शनही तो जुना करतं.

अनुजा: आठ महिन्यांपूर्वी व्हिडिओ टाकलाय त्यांनी. सगळ्यांना दिसतो.

शरद: त्यात आतली रचना दिसते, की नुसतं पाणी वाहताना? रचना दिसत असेल तर युरोपात जवळपास संपलंच. अमेरिकेत स्वतः उघड केल्यापासून एक वर्ष मिळतं, म्हणजे चार महिने उरलेत. बाकी देशांचे नियम एकेक करून बघावे लागतील. व्हिडिओची नेमकी तारीख काढा आणि अर्ज जाईपर्यंत पुढचं काही दाखवू नका.

अनुजा: झाकण उघडून दाखवल्याचं आठवतंय. आजच पुन्हा बघते.