शब्दचर्चा: सूर्याच्या किरीटाला 'उष्णता' मिळते की 'ऊर्जा'?

नौपाड्याची शिक्षिका:
ठाण्यात आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सूर्यावरचा फलक लिहिते आहे. दोन ठिकाणी अडले. सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या आवरणाला काय म्हणावं? 'करोना' लिहिलं की मुलं थेट साथीवर येतात. 'किरीट' चालेल की 'प्रभामंडल'? शिवाय हे वाक्य तपासून हवं आहे: "सूर्याच्या पृष्ठभागाची उष्णता वर जाऊन किरीटाला दहा लाख अंशांहून जास्त तापवते." पृष्ठभागाचं तापमान मी साडेपाच हजार अंश सेल्सिअस धरलंय.

वाशीकर:
प्रभामंडलच बरं वाटतं. मध्यंतरी खाडीपुलावर गाडी अडकली होती, तेव्हा सूर्याभोवती पूर्ण गोल कडं दिसलं, आतल्या बाजूने तांबूस. आमच्या गावाकडे त्याला खळं म्हणतात आणि खळं पडलं की पाऊस येणार असं धरतात. हे तेच ना?

खारघर:
नाही, दादा. खळं आपल्याच आकाशातलं. उंचावरच्या विरळ ढगांत बर्फाचे बारीक स्फटिक असतात, त्यांतून प्रकाश वळतो आणि कडं दिसतं. किरीट मात्र खरोखर सूर्याचा भाग आहे. तो खग्रास ग्रहणात, किंवा सूर्यबिंब मुद्दाम झाकणाऱ्या दुर्बिणीतूनच दिसतो. प्रभामंडल म्हटलं की पुष्कळांना तुमच्यासारखं खळंच आठवेल, म्हणून मी किरीटाच्या बाजूने.

ताई, साडेपाच हजार बरोबर आहे. पण वाक्यातला 'उष्णता' हा शब्द बदलायलाच हवा. उष्णता आपणहून गरमाकडून गारकडे जाते. साडेपाच हजार अंशांचा थर दहा लाख अंशांच्या वायूला उष्णता देऊन तापवू शकत नाही. नेमकं इथेच सगळं कोडं आहे, आणि तुमचं वाक्य ते कोडं नाहीसंच करून टाकतं. 'ऊर्जा' लिहा. ऊर्जा खालूनच येते, पण उष्णतेच्या रूपात नाही. ती वर पोचते आणि तिथे तिची उष्णता होते. कशी होते, हेच अजून नक्की ठरलेलं नाही.

ऐरोली:
माझं मत जरा वेगळं आहे. किरीटातला वायू इतका विरळ आहे की तिथे 'तापमान' शब्दाला फारसा अर्थच उरत नाही. दहा लाख हा नुसता हिशेबातला आकडा. यान तिथे जाऊन आलंच की, वितळलं नाही. आणि किरीटातली ती प्रसिद्ध हिरवी रेषा हेलियमची ना? १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून दिसली होती ती.

खारघर:
विरळपणाचं म्हणणं खरं आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष नाही. कणांची सरासरी धावपळ किती, ते तापमान सांगतं. एकूण उष्णता किती, हे कण किती आहेत त्यावरही ठरतं. फुलबाजीची ठिणगी हातावर पडली तर फारसं भाजत नाही, उकळत्या पाण्याने भाजतं. म्हणून ठिणगीचं तापमान खोटं ठरत नाही. नासाचं पार्कर यान २४ डिसेंबर २०२४ ला सूर्यापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. त्याची ढाल तापते ती मुख्यतः सूर्यप्रकाशाने, भोवतालच्या वायूने नाही.

रेषेबद्दल: हेलियमची रेषा पिवळी, आणि १८६८ मध्ये तिचा माग लागला तो सूर्याच्या ज्वाळांच्या प्रकाशात. विजयदुर्गाची गोष्ट आपल्याकडे फार सांगितली जाते, पण इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी ती रेषा त्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. हिरवी रेषा पुढच्या वर्षी, १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत दिसली. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'करोनियम' नावाचं नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. सत्तर वर्षं ते तसंच राहिलं. मग १९३९ मध्ये ग्रोट्रियान यांना धागा सापडला आणि स्वीडनच्या एडलेन यांनी ओळख पटवली: ती रेषा आपल्या साध्या लोखंडाची, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची.

आता विचार करा. लोखंडाच्या अणूतले सव्वीसपैकी तेरा इलेक्ट्रॉन टकरा देऊन काढायचे तर टकरा किती जोरदार हव्यात? त्यासाठी जवळपास वीस लाख अंशांचा वायू लागतो. तेव्हा हा आकडा नुसता हिशेबातला नाही, त्याची खूण लोखंडावर उमटली आहे.

ऐरोली:
लोखंडाचं माहीत नव्हतं. हे पटलं. मग ऊर्जा कमी पडते का? एवढं तापवायला खूप लागत असेल.

खारघर:
उलट, फार थोडी लागते. सूर्याच्या दर चौरस मीटरमधून सुमारे सहा कोटी तीस लाख वॅट प्रकाश बाहेर पडतो. शांत भागावरचा किरीट तापलेला ठेवायला दर चौरस मीटरमागे साधारण तीनशे वॅट पुरतात, सूर्यावरच्या डागांभोवतीच्या भागात दहा हजारांच्या आसपास. म्हणजे शांत भागात दोन लाखांतला एक वाटा. ऊर्जा भरपूर आहे. अडचण ती वर नेण्याची आणि तिथेच जिरवण्याची.

आधी वाटलं ध्वनिलहरी नेत असतील. पृष्ठभाग सतत उकळत असतो, तिथे लहरी उठतातच. पण मोजमापं आली तेव्हा कळलं की त्या खालच्या थरांतच विरतात. मग उरतं चुंबकीय क्षेत्र. एक पक्ष म्हणतो, क्षेत्राच्या रेषा ताणलेल्या तारेसारख्या थरथरतात, त्या थरथरीच्या, म्हणजे आल्फव्हेन लहरी वर जातात. त्या पोचतात सहज, पण सहज विरत नाहीत, आणि विरल्याशिवाय उष्णता होत नाही. दुसरा पक्ष, ज्यांचं नाव त्या यानाला दिलंय त्या शास्त्रज्ञ पार्कर यांचा, १९८८ पासूनचा: रेषांची मुळं खालच्या उकळीत सरकत राहतात, वर रेषा एकमेकींत गुंततात, ताण वाढतो आणि मग असंख्य बारीक स्फोटांत तो सुटतो. एकेक स्फोट मोठ्या सौरज्वालेच्या अब्जांश, म्हणून सुटा दिसत नाही. मात्र असे स्फोट होत असतील तर डागांभोवती, मोठी ज्वाला नसतानाही, कोटीभर अंशांच्या वायूची अंधूक खूण मिळायला हवी. ती शोधतात. काही ठिकाणी मिळाल्यासारखी वाटते, पण इतकी क्षीण की तेवढ्यावर निकाल देता येत नाही.

नौपाड्याची शिक्षिका:
मग फलकावर कुठला पक्ष लिहू?

खारघर:
दोन्ही लिहा. ते एकाच वेळी खरे असू शकतात, शांत भागात एकाचा वाटा मोठा आणि डागांभोवती दुसऱ्याचा. आपल्या आदित्य-एल१ वरचं, बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तयार केलेलं उपकरण तीच हिरवी रेषा पाहतं, तेही लिहा. मुलांना जवळचं वाटेल.

वाशीकर:
पण 'किरीट' आमच्या पोरांना कळणार नाही. त्यांना मुकुट माहीत आहे.

नौपाड्याची शिक्षिका:
मुकुट मलाही सुचला होता, पण तो फक्त डोक्यावर असतो, हा तर चहूबाजूंनी. किरीटच ठेवते, खाली बारीक अक्षरात 'करोना'. वाक्य असं केलंय: "सूर्याच्या आतून चुंबकीय क्षेत्रामार्फत येणारी ऊर्जा किरीटात उष्णतेत बदलते. ती नेमकी कशी बदलते, हे अजून ठरलेलं नाही."

ऐरोली:
'आतून' ऐवजी 'पृष्ठभागाखालच्या उकळीतून' म्हणा. आतून म्हटलं की थेट गाभा डोळ्यांपुढे येतो. आणि 'पृष्ठभाग' शब्दाबद्दल माझा आक्षेप आहेच, तिथे घट्ट असं काही नाही.

खारघर:
पहिली सुधारणा चांगली आहे, ताई, घ्या. 'पृष्ठभाग' मी ठेवेन, कारण डोळ्याला दिसणारी कड तीच. त्या कडेचं शास्त्रीय नाव 'दीप्तिगोल' हवं असेल तर कंसात नको, स्वतंत्र ओळ द्या.