‘सोडली’, ‘सुटली’ की ‘ओढायचो’?

सुहास
बरीच वर्षं सिगारेट ओढली, आता बंद आहे. त्यावर एक लेख लिहितोय. आरोग्याबद्दल त्यात फारसं काही नाही, लिहायचंय ते मागे राहिलेल्या माणसाबद्दल. कुठलंही काम हातावेगळं झालं की तो उठून बाहेर जायचा, पाचेक मिनिटं कुणाशी न बोलता उभा राहायचा, आणि अडलेली उत्तरं त्याला नेमकी तिथेच सुचायची. फोनवर नकोशी बातमी आली की बोलता बोलता त्याचा हात शर्टाचा खिसा चाचपायला लागायचा. त्याचा मला राग येत नाही, उलट माया वाटते. पण त्याला म्हणू काय? ‘धूम्रपान करणारा’ हे पाटीवरचं वाटतं. ‘व्यसनी’ लिहायला हात धजत नाही. आणि आताच्या मला ‘माजी धूम्रपानी’ म्हणावं, तर असं कुणी बोलत नाही. एखादा शब्द सुचतोय का कुणाला?

नाना
‘व्यसनी’ला एवढं बिचकू नका. व्यसन म्हणजे मुळात आवड. संस्कृतात त्याला वाईट अर्थ नव्हताच, तो आपण नंतर चिकटवला. ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’ म्हणजे सारखा स्वभाव नि सारख्या आवडी असलेल्यांची मैत्री. बिनधास्त लिहा.

रोहिणी
नाना, त्या सुभाषितात ‘आवड’ हा अर्थ बसतो हे खरं, पण संस्कृतात वाईट अर्थ नव्हता हे काही पटत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवरच आहे. राजाची शिकार, द्यूत, मद्यपान हे त्यात आहेच, आणि त्याच अधिकरणात आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांचाही विचार येतो. माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकतं ते व्यसन, अशी व्युत्पत्ती तो देतो. म्हणजे तिथे व्यसन माणसावर येऊन कोसळतं. मराठीत आपण ‘व्यसनी’ म्हटलं की तो शब्द त्या माणसाचा स्वभावच ठरवून टाकतो. सुहास यांचा हात तिथेच अडत असावा, आणि तो अडतोय हे बरंच आहे.

पण सुहास, तुम्ही नाम शोधताय आणि मराठीत हे काम क्रियापद करतं. ‘मी सिगारेट ओढली’ हे एकदाचंही असू शकतं. ‘ओढत होतो’ म्हटलं की त्या वेळी काय चाललं होतं ते कळतं. ‘ओढायचो’ म्हटलं की रोजचा नेम आला, आणि तो आता मोडलाय हेही बहुतेक वेळा न सांगता कळतं. तुमचा स्वतःचा मजकूर पुन्हा वाचून पाहा: बाहेर जायचा, उभा राहायचा, सुचायची, चाचपायला लागायचा. त्या माणसाचं सगळं वर्णन तुम्ही एकाच रूपात केलंय.

प्रकाश
सोडायचीच असेल तर माझा अनुभव सांगतो. मी सोडली तेव्हा झोप उडाली, हात थरथरायचे, छाती धडधडायची. सगळे म्हणाले, सिगारेटची आठवण येतेय. डॉक्टरांनी विचारलं, कॉफी किती पिता? धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं म्हणे. धूर थांबला की तो वेग पडतो, आणि तेवढ्याच कॉफीतलं कॅफिन रक्तात दुपटीच्या आसपास साठतं. हे निकोटिनमुळे होत नाही, त्यामुळे निकोटिनची पट्टी लावूनही फरक पडत नाही. कॉफी निम्म्यावर आणली, आठवड्याभरात शांत झोप लागली.

सुहास
प्रकाशराव, माझी सुटली आहे, प्रश्न शब्दाचा होता. पण हे लेखात घेणार. पहिल्या दिवसांतली ती धडधड मी जुन्या माणसाची हाक समजलो होतो आणि त्यावर एक आख्खा परिच्छेद लिहिलाय. आता तो पुन्हा तपासावा लागेल.

मीनल
तुम्ही आता ‘सुटली’ लिहिलंत आणि सुरुवातीला ‘बंद आहे’. ‘सोडली’ कुठेच नाही. मुद्दाम?

सुहास
नाही, आपोआप आलं. ‘सोडली’ म्हटलं की मोठा पराक्रम केल्यासारखं वाटतं, आणि ‘सुटली’ म्हटलं की माझं काहीच श्रेय नाही.

रोहिणी
‘सुटली’चा मोह मलाही पडतो, पण हे क्रियापद दोन्हीकडून चालतं. गाठ सुटते तेव्हा काहीतरी संपतं. वारा सुटतो, घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटतं तेव्हा सुरू होतं. सोडल्यावर पहिल्या वर्षात वजन सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्यालाही आपण ‘पोट सुटलं’ म्हणतो.

‘तलफ’बद्दलही लेखात सांभाळा. आपण तलफ ‘भागवतो’, जशी भूक-तहान भागवतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की न भागवल्यास ती वाढतच जाईल. खाल्लं नाही तर भूक खरंच वाढते. तलफेची एक लाट मात्र काही मिनिटांत आपोआप ओसरते, न ओढताही. पुन्हा येते, पण पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, मग साधारण महिन्याभरात जोर कमी होत जातो. म्हणून मी ‘तलफ ओसरली’ लिहीन.

देवेन
मी लोकांना सिगारेट सोडायला मदत करतो, तिथला एक प्रसंग सांगतो. कुणीतरी पाकीट पुढे करतं. एक म्हणतो, “नको, सोडली.” समोरचा लगेच विचारतो, “कधीपासून? अरे, एकाने काय होतंय!” दुसरा म्हणतो, “नको, मी ओढत नाही.” पाकीट परत खिशात जातं. ‘सोडली’मध्ये सिगारेट वाक्याच्या मध्यभागी उभी असते, क्रियापदसुद्धा तिच्याच लिंगाने चालतं. ‘ओढत नाही’ हे बोलणाऱ्याबद्दल आहे. स्वतःला न ओढणारा मानू लागलेली माणसं पुन्हा कमी घसरतात असं अभ्यासांतही दिसलंय, आणि मला तरी रोज तेच दिसतं.

मीनल
पण सुरुवातीला ‘मी ओढत नाही’ म्हणणं खोटं वाटत नाही का? माझ्या वडिलांना वाटायचं. ते म्हणायचे, “मी ओढणाराच आहे, फक्त आज ओढली नाही.” गेले तोवर तेच म्हणत राहिले, आणि पुन्हा कधी ओढली नाही.

देवेन
मग त्यांच्यासाठी तेच वाक्य खरं. मी सगळ्यांना एकच वाक्य देत नाही. काहींना मागच्या माणसाशी नातं तोडावं लागतं, काहींना ते तोडलं की तोच माणूस परत येतो. कुणाचं कसं होईल हे आधी ओळखायची खूण मला अजून सापडलेली नाही.

नाना
‘ओढायचो’ छान, पण लेखाला शीर्षक लागतं आणि शीर्षकाला नाम. मी अजूनही ‘व्यसनी’च म्हणेन. रोहिणीताईंनी कौटिल्य सांगितला, मग त्याच अर्थाने: ज्याच्यावर ते कोसळलं तो.

सुहास
नाना, त्या अर्थाने तो शब्द एकदा वापरेन, पण आधी अर्थ उलगडून. शीर्षक ‘ओढायचो तेव्हा’. आणि जुना माणूस सगळीकडे ‘तो’ नाही, ‘मी’च राहील. ‘तो’ लिहिलं की मी त्याला माझ्यापासून लांब उभा करतोय असं वाटायला लागलंय.

मीनल
माझ्या मैत्रिणीलाही असाच लेख लिहायचाय. तिने ‘मी ओढायचे’ लिहिलं तर क्षणभर ‘ते ओढायचे’सारखं वाचलं जातं, आणि ‘मी ओढायची’ काहींच्या कानाला खटकतं. मी स्वतः बोलताना दोन्ही वापरते. छापताना काय करावं?

रोहिणी
‘ओढायचे’च ठेवा, ‘मी’ मात्र कुठे गाळू नका. ‘ओढायची’ बोलणाऱ्याही पुष्कळ आहेत, तिच्या घरी तसं बोलत असतील तर मी बदलायला सांगणार नाही.