सी विंग ग्रुप: सहावीचा भूगोल, हवा की हवामान?

मानसीची आई (२०४), रात्री ८:३४: उद्या सहावीची पहिली घटक चाचणी, भूगोल. मानसी रडकुंडीला आली आहे. पुस्तकात आहे की हवा रोज बदलते आणि हवामान म्हणजे बऱ्याच वर्षांची सरासरी. आणि आताच बातम्यांत बाई सांगून गेल्या, 'उद्याचे हवामान'. मग उद्याचं ते हवा की हवामान? कोणी सांगा जी.

बोकडे (४०२): वहिनी, दोन्ही एकच हो. पोरांना उगाच दोन शब्द देऊन ठेवले.

गार्गीचे बाबा (३०३): बोकडे भाऊ, असं पेपरात लिहिलं तर भोपळा मिळेल 😄

मेंढे काका (१०१): एकच नाही. पण मुलगी गोंधळली यात तिची काही चूक नाही. मी वेधशाळेत नोकरी केली, आम्ही स्वतःच 'हवामान अंदाज' म्हणायचो. बोलण्यात सगळे तसंच म्हणतात. पुस्तकाच्या भाषेत मात्र तो हवेचा अंदाज. मानसी, पेपरात पुस्तकाची भाषा धर, टीव्हीची नको.

मानसी (आईच्या फोनवरून): आजोबा, हवा म्हणजे आपण श्वास घेतो ती ना?

मेंढे काका: ती पण हवाच. शब्द एक, अर्थ दोन, म्हणून घोळ होतो. या धड्यात 'हवा' म्हणजे एका ठिकाणच्या वातावरणाची त्या वेळची स्थिती. आत्ता खिडकीत उभी राहा. किती गरम आहे, वारा आहे का, घाम वाळतो की अंगाला चिकटतो, पाऊस आहे का. हे सांगितलंस की हवा सांगितली. अर्ध्या तासाने उत्तर बदलू शकतं.

मानसी: चिकट आहे. पाऊस थांबला. झाडाची पानं हलत नाहीत.

मेंढे काका: शाब्बास. ही सी विंगची रात्री पावणेनऊची हवा. अशाच नोंदी एकाच जागी रोज ठराविक वेळेला वर्षानुवर्षं घेतल्या आणि त्यांची सरासरी काढली, की त्या ठिकाणचं हवामान कळतं. पाऊस आम्ही सकाळी साडेआठला मोजायचो, आदल्या चोवीस तासांचा. दिवाळी असो की होळी.

मानसी: किती वर्षं?

मेंढे काका: निदान ३०. का ते गणित करून बघ. समजा डिसेंबरातल्या एका तारखेला नागपूरचं रात्रीचं तापमान दरवर्षी १२ अंश असतं. २९ डिसेंबर २०१८ ला मात्र पारा ३.५ वर उतरला होता. हे खरंच झालं होतं, दात वाजत होते. आता तू तीनच वर्षं धरलीस, दोनदा १२ आणि एकदा ३.५, तर सरासरी किती?

मानसी: २७.५ भागिले ३. नऊ पूर्णांक काहीतरी.

मेंढे काका: ९.२ धर. म्हणजे एका रात्रीने सरासरी जवळजवळ तीन अंशांनी खाली ओढली. आता ३० वर्षं धर, २९ वेळा १२ आणि एकदा ३.५.

गार्गीचे बाबा: ११.७ येते काका. कॅल्क्युलेटर काढला 🙈

मेंढे काका: तीच रात्र, पण आता फरक पाव अंशाच्या आसपास. एखादं विचित्र वर्ष सगळं चित्र बिघडवू नये, म्हणून एवढी वर्षं. ३.५ ही त्या रात्रीची हवा. १२ च्या आसपास, हे डिसेंबरचं हवामान.

बोकडे: म्हणजे सरासरी काढून ठेवली की काम झालं. तिचा उपयोग काय पण?

मेंढे काका: तिच्याशिवाय आजचा आकडा मुका असतो, बोकडे. समजा पारा ४१. जास्त की कमी?

बोकडे: काहून विचारता? जास्तच की. माझी गाडी तर परवा मे महिन्यात ४९ दाखवत होती.

मेंढे काका: गाडी उन्हात तापलेली असते, तिला साक्षीदार करू नका. आमचा तापमापी पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. बरं, ४१. मार्चच्या मध्यात नागपूरचं दुपारचं तापमान साधारण ३६ असतं. तेव्हा ४१ आलं तर ५ अंशांनी जास्त. मैदानी भागात पारा निदान ४० असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून वर असेल, तर उष्णतेच्या लाटेचा निकष लागतो. मेमध्ये मात्र आपली सरासरीच ४२-४३. तेव्हा ४१ आलं तर आपण म्हणतो, आज बरं आहे. आकडा तोच. हवा मोजायची, पण ती जास्त की कमी हे हवामानावरून ठरतं.

वर्षा काकू (१०३): आणि ४५ गेलं तर?

मेंढे काका: ४५ गाठलं की सरासरी बघायचीच नाही, लाटच. हे चाचणीत येणार नाही, मानसी, सोड.

मानसीची आई: काका, तिला एखादं उदाहरण हवं. पुस्तकातली सगळ्यांचीच लिहितात.

गार्गीचे बाबा: आपल्या शाळेचंच द्या ना. पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भातल्या त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी.

मेंढे काका: वा! जूनमध्ये आपल्याकडे ऊन रेंगाळतं हे वर्षांच्या अनुभवातून माहीत आहे, म्हणून वेळापत्रकच तसं. कोणी आज सकाळी आकाश बघून ठरवलेलं नाही. ते हवामान. आणि पाऊस धो-धो झाला की जिल्हाधिकारी सुटी देतात, ती?

मानसी: हवा! 😍 ती आदल्या रात्री कळते.

बोकडे: सुट्टीचं बरं लवकर समजलं हिला.

मेंढे काका: आता तू ओळख. एक: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. दोन: नागपूरचा उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. तीन: डिसेंबरमध्ये नागपूरला थंडी असते. चार: गेल्या डिसेंबरमध्ये नागपूरला थंडी कमी होती.

मानसी: १ हवा. २ हवामान. ३ हवा, ४ हवा.

मेंढे काका: तीन चुकलं. का चुकलं ते सांगतो. 'डिसेंबर' हा वेळेचा शब्द दिसला म्हणून तू हवा म्हटलंस ना? पण कुठला डिसेंबर ते वाक्यात नाही, सगळेच डिसेंबर आहेत. म्हणून हवामान. चौथ्यात 'गेल्या' आहे, एकच डिसेंबर, म्हणून ती त्या महिन्याची हवा.

वर्षा काकू: 'असते' आणि 'होती' मधेच सगळं आहे की!

मेंढे काका: बरोबर, पण फक्त क्रियापदावर जाऊ नका. 'आज नागपूरचे हवामान दमट आहे' असं वाक्य देतात आणि चूक की बरोबर विचारतात. 'आज' आहे, म्हणून चूक. तिथे हवा हवी.

मानसी: आजोबा, मग हवामान कधीच बदलत नाही असं लिहू?

मेंढे काका: 'सहजासहजी बदलत नाही' लिही. सरासरीची ती ३० वर्षंसुद्धा दर दहा वर्षांनी पुढे सरकवतात. आधी १९८१ ते २०१० होती, आता १९९१ ते २०२० आहे. बदल होत नसता तर कशाला सरकवली असती?

बोकडे: आमच्या लहानपणी एवढा उकाडा नव्हताच, हे तर मी केव्हापासून सांगून राहिलो!

मेंढे काका: तुमची आठवण नको, नोंदवही आणा 😄

मानसीची आई: काका, तिने लिहिलं, बघा: 'एखाद्या ठिकाणची वातावरणाची अल्पकालीन स्थिती म्हणजे हवा. दीर्घ कालावधीतील हवेच्या स्थितीची सरासरी म्हणजे हवामान.' खाली विदर्भाच्या शाळांचं उदाहरण.

मेंढे काका: उदाहरणात सुटीचंही घाल, नाहीतर फरक कसा दिसेल.

मानसी: घातलं. आजोबा, उद्या शाळेला सुटी मिळेल का?

मेंढे काका: आभाळ उघडलंय. पेपर द्यावा लागेल.