घरात, फोनवर, काहीही विकत न घेता: चादरीचा व्हिडिओ कसा काढता?

घरून चादरी-टॉवेल विकणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून हा धागा. दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, एक ट्यूब, एक पंखा आणि कॉटवर पसरलेली चादर, एवढंच धरा. व्हिडिओ हलायला नको आणि रंग खरा दिसायला हवा. आपापली पद्धत नेमकी लिहा.

साखर पेठ
आधी ट्यूब बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचा रंग वेगळा असतो. दोन्ही एकत्र आले की चादरीची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट दिसते. फोन एका वेळी एकाच उजेडाचा रंग सावरतो, त्यामुळे नंतर ॲपमध्येही ते धड सुधारत नाही.

कॉट अशी सरकवा की उजेड चादरीवर एका बाजूने तिरका पडेल. विणीचा उठाव त्यातच दिसतो. खिडकी बरोबर पाठीशी घेतली तर कापड सपाट दिसतं, शिवाय तुमचीच सावली त्यावर पडते. खिडकी समोर घेतली तर चादर काळवंडते. पलीकडची बाजू अंधारी राहिली तर तिकडे खुर्चीच्या पाठीवर पांढरी बेडशीट टाका आणि खुर्ची फ्रेमच्या जरा बाहेर, चादरीच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणा. रंगीत बेडशीट नको, तिचा रंग कापडावर उतरतो.

एप्रिल-मेमध्ये उन्हाचा पट्टा थेट आत येत असेल तर खिडकीला पांढरं धोतर एकपदरी लावा. दुपदरी लावलं तर उजेड फारच कमी होतो.

अक्कलकोट रोड
एवढं कशाला? सेटिंगमध्ये 60 फ्रेम करा, व्हिडिओ गुळगुळीत येतो. आमच्याकडे रात्री ट्यूबखालीही तसंच काढतात.

साखर पेठ
दादा, हालचाल गुळगुळीत दिसते हे बरोबर. पण 60 फ्रेममध्ये एका फ्रेमला जास्तीत जास्त सेकंदाचा साठावा भाग मिळतो, 30 मध्ये तिसावा. म्हणजे उजेड अर्धा, आणि अंधाऱ्या खोलीत चित्रात दाणे येतात. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 1/60 चा त्याच्याशी मेळ बसत नाही आणि पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. रात्रीच काढायचं असेल तर 30 फ्रेम ठेवा आणि प्रो व्हिडिओ मोड असला तर शटर 1/50 किंवा 1/100. काही फोनमध्ये लुकलुक रोखायची सेटिंग असते, तिथे 50 निवडा.

विजापूर रोड
मग स्टँड कोणता घ्यावा? दोनशेच्या आतला चालेल का?

नई जिंदगी
अक्का, धाग्याचं नाव वाचा की! कशाला खर्चात पडालाव? किलोभर ज्वारी कापडी पिशवीत भरा, पण तिसरा हिस्सा रिकामा ठेवा. गच्च भरली तर खळगा पडत नाही आणि फोन घसरतो. पिशवी स्टीलच्या मोठ्या डब्यावर ठेवायची, मधे दाबायची आणि फोन आडवा रोवायचा. मागची लेन्स वापरा, तीही 1x ची. सेल्फी कॅमेरा आणि 0.5 ची लेन्स कमी उजेडात बहुतेक फोनमध्ये मार खाते. काच आधी सुती कापडाने पुसा. तेलकट बोट लागलेलं असलं की खिडकीभोवती धुरकट वलय येतं.

रेकॉर्ड दाबताना फोन हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा. नसेल तर पहिले तीन सेकंद कापून टाका. चादरीची लांबी दाखवायला फोन फिरवू नका. दुसऱ्या कुणीतरी चादर सावकाश ओढत न्यावी.

जुळे सोलापूर
यात एक राहिलं. चादर उलगडताना पांढरी किनार आली की फोन सगळं चित्र काळं करतो, गडद भाग आला की फटफटीत. चादरीच्या मधल्या रंगावर बोट दाबून धरा, आयफोनवर `AE/AF LOCK` असं दिसतं. बहुतेक अँड्रॉइडवर कुलपाचं चिन्ह येतं. मग शेजारची सूर्याची खूण जराशी खाली ओढा, पांढऱ्यातली वीण उडत नाही.

आणि पंखा बंद. हवेनं कापड फडफडतं हे झालंच, पण रात्री दिवा पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली चादरीवर फिरत राहते. लोक ते ट्यूबचं लुकलुकणं समजून शटर बदलत बसतात. ओळखायचं सोपं आहे: पंखा थांबवल्यावर गेलं, तर ते पंख्याचं होतं.

अक्कलकोट रोड
पंख्याचं पटलं. पण बारीक चौकड्याच्या टॉवेलवर इंद्रधनुषी लाटा येतात, त्या ना 30 मध्ये जातात ना 60 मध्ये.

साखर पेठ
त्या फ्रेममुळे नसतात. चौकडा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांत अडकते. फोन वीतभर पुढे-मागे करा किंवा टॉवेल जरा तिरका ठेवा. पूर्ण थानाच्या शॉटमध्ये मात्र काही चौकड्यांना हेही पुरत नाही. तिथे जवळून कोपरा दाखवणं बरं.

नई जिंदगी
गडद मरून रंगाचं काय? तो माझ्या फोनवर नेहमी लालभडक येतो, बाकी रंग ठीक असतात.

जुळे सोलापूर
व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून `Daylight` वर ठेवून पाहा. थोडा सुधारतो, पूर्ण नाही. कुणाचा नीट जमला असेल तर लिहा, फोनच्या मॉडेलसकट.