मदत हवी आहे: आजारपणात घरच्यांना बँकेचे, विम्याचे कागद सापडावेत म्हणून काय लिहून ठेवायचं?

मृण्मयी_सातारा

नमस्कार मंडळी. बाबांना (वय 68, खासगी कंपनीतून निवृत्त) दिवाळीनंतर पक्षाघाताचा झटका आला. आता घरी आहेत. डोकं शाबूत आहे, बोलणं थोडं अडखळतं, उजवा हात मात्र अजून चालत नाही.

दवाखान्यात असताना जी पळापळ झाली ती पुन्हा नको म्हणून विचारते आहे. बाबांची आरोग्य विमा पॉलिसी आहे एवढं आईला माहीत होतं, पण कागद मिळाला तो डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, तोही जुन्या लाइट बिलांच्या पिशवीत. तोवर सगळे पैसे रोख भरले होते, आता क्लेमची फाइल लावतोय. एफड्या सगळ्या बाबांच्या एकट्याच्या नावावर, आई नॉमिनी. बँकेत गेले तर "नॉमिनीला आत्ता काही देता येत नाही" म्हणाले.

आता एक नीट फाइल करायची आहे. पण बाबा आकडे सांगायला तयार नाहीत. "मी अजून जिवंत आहे" हे एकच उत्तर. शिवाय त्यांनाही सगळं आठवत नाहीये, काही जुने शेअर आहेत म्हणतात, कुठले ते सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू? आणि फाइलमध्ये नेमकं काय असावं?

बंड्या_नाशिक

सोपं आहे ताई. सगळीकडे नॉमिनी तपासून घ्या. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. आई, तुम्ही, भाऊ, सगळ्यांची नावं टाका. प्रश्न मिटला.

निवृत्त_रोखपाल

बंडोपंत, चार नॉमिनींचं बरोबर आहे, पण प्रश्न मिटत नाही. नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यावर सुरू होतो. मृण्मयीताईंचे वडील आयसीयूत होते, तेव्हा चार काय चाळीस नॉमिनी असते तरी काउंटरवरून एक रुपया निघाला नसता. मी उभी हयात त्या काउंटरमागे काढली आहे. माणूस गेल्यावर काय करायचं हे लोक विचारून ठेवतात, माणूस असून सही करू शकत नसेल तर काय, हे कुणी विचारत नाही.

ताई, फाइल होईल तेव्हा होईल, आधी खातं दुरुस्त करा. बाबांच्या बचत खात्यात आईचं नाव घालून घ्या आणि खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीचं करा. पासबुकाच्या पहिल्या पानावर E or S असं छापून आलं पाहिजे. नुसतं दुसरं नाव असून उपयोग नाही. तिथे Jointly लिहिलं असेल तर दोघांच्या सह्या लागतात, म्हणजे पुन्हा तेच.

मृण्मयी_सातारा

काका, पण बाबांची सहीच होत नाही. फॉर्मवर काय करायचं?

निवृत्त_रोखपाल

अंगठा चालतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत तशा. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर त्याच्या अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घेता येतो. बँकेला ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या, डॉक्टरांचं पत्र जोडा आणि अधिकाऱ्यांनी घरी यावं अशी विनंती त्यातच करा. काउंटरवर तोंडी विचारलंत तर नव्या पोरांना हे माहीत नसतं, ते "होत नाही" म्हणून मोकळे होतात.

डाव्या हाताने सही जमत असेल तर तीच नवी सही म्हणून नोंदवून घ्या. बाबांचं डोकं शाबूत आहे, तोवरच हे सगळं होतं. उद्या शुद्ध हरपली तर अंगठाही कामाचा नाही.

अटलांटाकर

आमच्याकडे अमेरिकेत मी सगळे पासवर्ड एका एक्सेलमध्ये टाकून ड्राइव्हवर ठेवले आहेत, बायकोला लिंक दिली आहे. ठाण्यात आईचंही तसंच केलं. इकडे टाइमझोनमुळे तेच सोयीचं पडतं. आणि इच्छापत्र करा, वकिलाकडे नोंदवा.

कोकणातली_सई

अटलांटाकर, इच्छापत्राचा इथे काय संबंध? त्यांचे बाबा खुर्चीत बसून चहा पीत असतील.

मृण्मयी, माझ्या दिरांच्या वेळचं सांगते. ते 43 व्या वर्षी अचानक गेले. विमा नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तेराव्यानंतर जाऊबाई पासबुक भरून आणायला गेल्या आणि तिथे मे महिन्यात 436 रुपये कापलेले दिसले, पुढे PMJJBY. पंतप्रधान जीवनज्योतीचा हप्ता. कधीतरी खातं उघडताना सही केलेली असणार, त्यांना स्वतःलाही आठवत नसेल. 2 लाख मिळाले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, आधी पासबुक वाचा. कपाट नंतर उपसा.

निवृत्त_रोखपाल

सईताईंनी नेमकं सांगितलं. वर्षाचे हप्ते सुटू नयेत म्हणून तेरा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. वर्षातून एकदाच गेलेली रक्कम म्हणजे बहुधा विम्याचा हप्ता किंवा लॉकरचं भाडं. ठरावीक अंतराने आलेली रक्कम म्हणजे कुठेतरी ठेव आहे. दहा-वीस रुपयांचीच अडनिडी जमा असेल आणि पुढे कंपनीचं नाव असेल तर तो लाभांश, तिथे तुमचे "जुने शेअर" सापडतील.

दुसरं, आयकराच्या पोर्टलवर बाबांच्या पॅनने लॉगिन करून एआयएस उघडा. कुठल्या बँकेने किती व्याज दिलं, कुठल्या कंपनीने लाभांश दिला, ते तिथे दिसतं. विसरलेली एफडी बहुतेक वेळा इथेच सापडते. पतसंस्थेतली ठेव मात्र तिथे असेलच असं नाही. तिची पावती हातात हवीच, कारण पतसंस्थेला बँकेसारखं 5 लाखांचं ठेव विम्याचं संरक्षणही नसतं.

मृण्मयी_सातारा

काल संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून स्टेटमेंट वाचलं. आकडे विचारायचे नाहीत असं आधीच कबूल केलं, तेव्हा कुठे तयार झाले.

मे अखेरीला 20 रुपये, पुढे PMSBY. जूनमध्ये आरोग्य विम्याचा हप्ता. दर महिन्याला पोस्टातून व्याज, ते आईलाही माहीत होतं. ऑगस्टमध्ये 37 रुपये 50 पैसे, एका कंपनीचा लाभांश. तो बघून बाबा हसले, म्हणाले हे कामगारांना मिळालेले शेअर. एआयएसमध्ये एका सहकारी बँकेचं व्याज निघालं जे या खात्यात कधी आलंच नव्हतं. ती एफडी आपोआप नूतनीकरण होत राहिली आहे. पावती कुठे आहे ते बाबांनाही आठवेना.

निवृत्त_रोखपाल

छान. 20 रुपयांचा तो अपघात विमा आहे, 2 लाखांचा, पण वयाच्या 70 पर्यंतच. पक्षाघाताला लागू नाही. तरी यादीत लिहा.

त्या एफडीसाठी शाखेत जा, पावती गहाळ झाल्याचा अर्ज देऊन दुसरी मिळते. वडील हयात असताना हे सोपं आहे, मागे राहिलेल्यांना फार हेलपाटे पडतात.

बंड्या_नाशिक

मग एफड्याही E or S करून टाका की काका. आई कधीही मोडू शकेल.

निवृत्त_रोखपाल

इथेच सगळे फसतात. E or S एफडीची मुदत संपली की एकाच्या सहीवर पैसे मिळतात. मुदतीआधी मोडायची असेल आणि दोघंही हयात असतील तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. म्हणजे बाबा बेशुद्ध असतील तर आई अडकलीच.

यावर उपाय एफडी लावतानाच करायचा. समजा 6 लाख आहेत. एकच पाच वर्षांची पावती करू नका. लाख लाखाच्या सहा पावत्या, दर दोन महिन्यांनी एक संपेल अशा. आपोआप नूतनीकरण बंद, रक्कम त्या संयुक्त बचत खात्यात जमा. मग पुढच्या दोन महिन्यांत एक लाख हाताशी येतोच, कुणाची सही लागत नाही. व्याज थोडं कमी पडेल, पडू दे. आणि एक पावती संपली की आठवणीने पुन्हा वर्षासाठी लावायची, नाहीतर पैसे बचत खात्यातच पडून राहतील.

वकीलबाई_सोलापूर

मुखत्यारपत्राचं कुणी सुचवायच्या आत सांगते. साधं मुखत्यारपत्र करून देणारा माणूस भान हरपून बसला की ते संपतं. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ते निरुपयोगी. तेव्हा पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यात वेळ आणि पैसा किती जातो ते विचारू नका. म्हणून रोखपालांचा संयुक्त खात्याचा मार्गच बरा. मात्र तिसरं नाव म्हणून एका मुलाचं घालाल तर दुसऱ्याला आधी सांगा. माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

मृण्मयी_सातारा

वकीलबाई, नेमकी हीच अडचण आहे. भाऊ बंगळुरूला, मी इथे. आई म्हणते तिसरं नाव माझं असावं, भाऊ काही बोलत नाहीये.

कोकणातली_सई

ते तुम्ही घरात ठरवा बाई. फाइलचं मी सांगते. आमच्याकडे एक पान आहे. बँक, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, खातं कोणाच्या नावावर, कागद कुठल्या कपाटात. रकमेचा रकानाच नाही. सासरे त्यामुळेच तयार झाले. आपल्याला किती ते नकोय, कुठे ते हवंय. पान आईच्या कपाटात, एक प्रत तुमच्याकडे. लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर एकाच्याच नावावर असेल तर तो उघडणार कोण?

आरोग्य विम्याचं कार्ड मात्र वेगळं काढा. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर हवा, विमा कंपनीच्या फोन नंबरासकट. तातडीने भरती केलं की बहुतेक पॉलिसींत 24 तासांच्या आत कळवावं लागतं.

अटलांटाकर

आणि पासवर्ड? ओटीपी तर बाबांच्या फोनवरच येणार.

निवृत्त_रोखपाल

पासवर्ड कागदावरही नको आणि तुमच्या त्या एक्सेलमध्येही नको. बायकोने नवऱ्याच्या लॉगिनमधून पैसे काढणं बँकेच्या नियमात बसत नाही, उद्या वाद झाला तर तिच्याच अंगाशी येतं. संयुक्त खात्यावर आईचं स्वतःचं डेबिट कार्ड घ्या, तिचा स्वतःचा मोबाइल नंबर नोंदवा.

अटलांटाकर

काका, नियम ठीक. रात्री दोन वाजता दवाखान्यात डिपॉझिट मागतात तेव्हा सगळे फोनच उघडतात. मी फाइल ठेवणारच.

मृण्मयी_सातारा

फोनचा पिन बाबांनी आईला सांगितला, तेवढ्यावर सध्या थांबलोय. सोमवारी अर्ज आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन शाखेत जाते. काका, साक्षीदार म्हणून शेजारी चालतील का? त्यांचं खातं त्याच शाखेत आहे.

निवृत्त_रोखपाल

चालायला हरकत नसावी, पण शेवटी शाखा व्यवस्थापक ठरवतो. अर्जात त्यांचं नाव आणि खाते क्रमांक लिहून न्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.