मदत हवी आहे: ६२.५ केव्हीएच्या जनरेटरवर नेमके किती किलोवॅट?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या जनरेटरच्या प्लेटवर ६२.५ केव्हीए, ४१५ व्होल्ट, ८७ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ असं लिहिलंय. म्हणजे ६२.५ × ०.८ = ५० किलोवॅट, इथपर्यंत ठीक.

लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालू असताना मीटरवर ३८ किलोवॅट दिसतात, म्हणून कमिटीला वाटतं की १२ किलोवॅट शिल्लक आहेत. पण तेव्हाच क्लॅम्प मीटर प्रत्येक फेजला ७४ अँपिअर दाखवतो. १.७३२ × ४१५ × ७४ म्हणजे साधारण ५३ केव्हीए. ३८ भागिले ५३, पॉवर फॅक्टर जेमतेम ०.७२! या हिशेबाने ६२.५ × ०.७२ = ४५ किलोवॅटलाच अल्टरनेटर भरतो. शिल्लक फक्त ७.

आता १० एचपीचा आणखी एक पंप जोडायचाय. स्टार-डेल्टा स्टार्टर असला तरी सुरू होतानाचा करंट झेपेल का? कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर ०.९५ केला, तरी इंजिन ५० किलोवॅटच्या वर जाणार नाही, हे बरोबर ना? आणि रात्री लोड कमी असताना तेच कपॅसिटर जोडलेले राहिले तर व्होल्टेज चढतं म्हणतात. ते आपोआप सुटावेत म्हणून पॅनेलमध्ये काय बसवता? अनुभवी लोकांनी कृपया सांगा, ऑर्डर अडलीय.