शनिवारी गोळी चुकवून दोन पेग घेतले तर?

रानवारा: नैराश्यासाठी सात महिने रोज रात्री दहाला एस्सिटालोप्राम १० ची गोळी घेतोय. बरं वाटतंय. शनिवारी मित्राच्या लग्नाची पार्टी आहे. त्या रात्री गोळी न घेता दोन पेग घ्यावे आणि रविवारपासून परत सुरू करावं, असा विचार आहे. बायको नको म्हणते, मित्र चालतं म्हणतात. तुमचं मत?

घाटमाथा: चालतं. मी तीन वर्षं हेच करतोय. बसायचं असेल त्या दिवशी गोळीला सुट्टी. अजून काही झालेलं नाही.

सोनचाफा: मुळीच नको! बिअर-वाइनने बीपी भडकतं, मेंदूत रक्तस्राव होतो. माझ्या मामेसासऱ्यांना नैराश्याच्या गोळ्या होत्या तेव्हा डॉक्टरांनी जुनं चीजसुद्धा बंद केलं होतं.

शेतकरी_मुलगा: दारू सोडायची गोळी आहे का ही? आमच्या गावात एकाने तसल्या गोळीवर घेतली, उलट्या आणि धाप लागून दवाखान्यात न्यावं लागलं.

काउंटरपलीकडे: नाही दादा, ती गोळी वेगळी. मी अठरा वर्षं औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रानवारा, एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण तीस तास लागतात. शुक्रवारी रात्री दहाची गोळी शनिवारी रात्री दहाला अर्ध्याहून जास्त शिल्लक असते. म्हणजे त्या वेळी अंगात जेवढं औषध रोज असतं तेवढंच शनिवारीही असणार. गोळी चुकवून पार्टीपुरतं काहीच टळत नाही. नुकसान रविवारी दिसतं. तेव्हा औषध खाली आलेलं असतं आणि काहींना चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. त्यात दारूनंतरची उदासी मिसळते. आजार परतला की दारू उतरतेय, हे तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही.

सोनचाफाताई, तुमच्या मामेसासऱ्यांची गोष्ट खरी आहे, पण ती जुन्या एमएओ गटाच्या गोळ्यांची, जसं ट्रॅनिलसिप्रोमिन. मुरलेल्या चीजमध्ये आणि नळाच्या बिअरमध्ये टायरामिन असतं. एरवी ते आतड्यात आणि यकृतातच मोडतं. या गोळ्या ते मोडणारं एन्झाइम बंद पाडतात, मग टायरामिन रक्तात शिरतं आणि दाब एकदम चढतो. मानेमागून फुटल्यासारखं डोकं दुखतं, छाती धडधडते. १९६३ मध्ये लंडनच्या बॅरी ब्लॅकवेल यांनी हे मांडलं, तेव्हा एका फार्मासिस्टने बायकोला चीज खाल्ल्यावर होणाऱ्या डोकेदुखीबद्दल त्यांना पत्र लिहिलं होतं. या गोळ्यांवर ‘आज सुट्टी’ हा डाव सगळ्यात घातक, कारण गोळी बंद केली तरी नवं एन्झाइम तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. रानवाराच्या गोळीला हे बिअर-चीजचं पथ्य नाही.

घाटमाथा: म्हणजे दोन पेग घ्यायला हरकत नाही, असंच झालं ना? गोळी न चुकवता घ्यायचे.

काउंटरपलीकडे: तसं मी म्हटलं नाही. पेग किती मिलीचा? घरी साठ मिलीचा भरतात. असे दोन म्हणजे सुमारे चाळीस ग्रॅम अल्कोहोल, ते उतरायला चार-सहा तास लागतात. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून कोणी आयबुप्रोफेन घेतो. ही गोळी, दारू आणि वर ते वेदनाशामक, तिन्ही मिळून पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. डांबरासारखी काळी शी झाली तर थांबू नका, दवाखाना गाठा.

आणि एक विचारते, दोघांनाही. पट्टीच्या मागे फक्त एस्सिटालोप्राम लिहिलंय का? आपल्याकडे त्यासोबत क्लोनाझेपाम असलेली एकत्र गोळी सर्रास लिहून देतात. लोक तिला ‘डिप्रेशनची गोळी’ एवढंच म्हणतात. दारू आणि क्लोनाझेपाम दोन्ही श्वास मंद करतात. माणूस गाढ झोपतो, उलटी झाली तर घुसमटतो. हाक मारून, हलवूनही जाग येत नसेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

घाटमाथा: माझ्या पट्टीवर फक्त एस्सिटालोप्राम आहे. डॉक्टर म्हणतात कधीतरी एखादा चालेल. दारूवर सरसकट बंदी घातली की पेशंट लपवतो, मग त्याला कोण सांगणार? हे माझं मत बदलणार नाही.

सोनचाफा: एखाद्याचे चार कधी होतात ते पिणाऱ्याला कळत नाही, घरच्यांना कळतं. माझंही बदलणार नाही.

रानवारा: आत्ता पट्टी पाहिली. खाली बारीक अक्षरांत क्लोनाझेपाम ०.५ लिहिलंय. सात महिने मला माहीतच नव्हतं. मग आजपासूनच गोळी बंद करू का?

काउंटरपलीकडे: नको! सात महिन्यांनंतर क्लोनाझेपाम एकदम सोडलं तर फिटसुद्धा येऊ शकते. गोळी रोजच्या वेळेला घ्या, शनिवारी दारू नको. कमी करायची असेल तर डॉक्टरच टप्प्याटप्प्याने करतील. उद्याच फोन करा आणि लग्नाचा बेतही सांगा.